संभोगातील वेदना आणि योनिआकर्ष : प्रस्तावना

संभोगाच्या वेळी स्त्रीला वारंवार होणाऱ्या वेदनेला वैद्यकात डिस्पारुनिया म्हणतात. योनिमुखाभोवतीचे स्नायू इच्छेविरुद्ध आवळले जातात आणि आत काही जाणे अशक्य किंवा असह्य होते, त्या अवस्थेला व्हजायनिस्मस म्हणतात; मराठीत योनिआकर्ष. दवाखान्यात यांपैकी एकही शब्द ऐकू येत नाही. तेथे ऐकू येते ते "संबंध नीट होत नाहीत", "पुढे जातच नाही, मध्ये भिंत लागते", "नुसती आग होते". कित्येकदा तेवढेही नाही. केसपेपरवर "लग्नाला तीन वर्षे, मूल नाही" एवढीच तक्रार असते. रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, नवऱ्याच्या वीर्याची तपासणी असे सगळे होऊन जाते, आणि प्रत्यक्ष संबंध होतात का, हा प्रश्न शेवटपर्यंत कोणी विचारत नाही.

या आजाराला वैद्यकीय नाव मिळाले ते 1860 च्या दशकाच्या सुरुवातीला. अमेरिकन शल्यविशारद जेम्स मॅरियन सिम्स यांनी त्याचे वर्णन केले आणि त्यावर उपायही सुचवला: योनिपटल कापून काढायचे, योनिमुखाला छेद द्यायचे आणि नंतर काचेची नळी ठेवायची. रस्ता अरुंद आहे, तो रुंद करावा, असा तो विचार होता. पुढे 1970 साली मास्टर्स आणि जॉन्सन यांनी वाढत्या जाडीच्या डायलेटरचा सराव पतिपत्नींच्या एकत्रित समुपदेशनात बसवला, तेव्हापासून भर कापण्यावरून शिकण्याकडे वळला. 2013 साली अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीने वेदनादायक संभोग आणि योनिआकर्ष ही दोन्ही निदाने एका नावाखाली आणली. त्यामागे व्यवहारातले कारण होते. तपासणीत स्नायूंचा झटका प्रत्येक वेळी दिसत नाही, वेगवेगळ्या डॉक्टरांचे त्यावर एकमत होत नाही, आणि वेदना, भीती व स्नायूंचे आवळणे ही तीन सूत्रे बहुतेक रुग्णांत एकमेकांत गुंतलेली असतात. तरीही योनिआकर्ष हा शब्द टिकून आहे. जिच्या बाबतीत प्रवेश कधीच झालेला नाही तिची अवस्था तो नेमकी सांगतो. पुढील विवेचनात मुख्य भर याच प्रकारावर आहे, कारण आपल्याकडे तो सर्वांत उशिरा ओळखला जातो आणि त्यावरच सर्वाधिक चुकीचे उपचार होतात.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. पुढे जघनास्थी आणि मागे माकडहाड यांच्यामध्ये ती ताणलेली असते. मूत्रमार्ग, योनी आणि गुदद्वार तिच्यातूनच बाहेर येतात. हे स्नायू इच्छेने आवळता आणि सोडता येतात. लघवी रोखताना आपण तेच करतो. पण धोका जाणवला की ते आपोआपही आवळतात, डोळ्यांसमोर बोट आले की पापणी मिटावी तसे. नेदरलँड्समधील संशोधकांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात स्त्रियांना काही चित्रफिती दाखवल्या आणि स्नायूंतील विद्युत् हालचाल मोजली. भीतिदायक प्रसंग पाहताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळले गेले, आणि त्याच वेळी मानेखांद्याचे स्नायूही. योनिआकर्ष असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही गटांतील स्त्रियांत हे घडले. यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. योनीभोवतीचे आवळणे हा स्नायूचा विकार नाही आणि ती पतीविषयीची छुपी नावडही नाही. ती संरक्षणाची सर्वसामान्य प्रतिक्रिया चुकीच्या वेळी चालू होते आहे. म्हणून "अंग सैल सोड" हा सल्ला फुकट जातो. जे आवळणे तिने केलेलेच नाही, ते तिने सांगितल्याबरोबर सोडावे अशी ती अपेक्षा असते.

एकदा हे चक्र सुरू झाले की ते स्वतःला पोसत राहते. पहिल्या प्रयत्नात दुखते किंवा दुखेल अशी भीती असते. भीतीने स्नायू आवळतात आणि कोरडेपणा येतो. आवळलेल्या, कोरड्या जागी दाब पडला की खरोखर दुखते, आणि पुढच्या वेळी भीतीला पुरावा मिळालेला असतो. काही महिन्यांनी नवऱ्याने खांद्यावर हात ठेवला तरी मांड्या जवळ येतात, कारण तो हात कुठे पोहोचणार हे शरीराने पाठ केलेले असते. मग जवळीकच टळू लागते. घरचे लोक याला "हिला नवरा आवडत नाही" असे म्हणतात. वास्तविक यातल्या अनेक स्त्रियांना इच्छा होते, उत्तेजना येते, बाहेरून स्पर्शाने सुखही मिळते. फक्त प्रवेशाचा क्षण आला की दार बंद होते.

भीती येते कुठून, याचे एकच उत्तर नाही. लैंगिक अत्याचाराचा इतिहास काहींच्या बाबतीत असतो, पण तो सर्वांच्या बाबतीत असतोच असे समजणे चूक आहे, आणि तसे गृहीत धरून खोदून विचारणे त्याहून मोठी चूक. पुष्कळ जणींच्या मागे काहीच भयंकर घडलेले नसते. असते ते फक्त अज्ञान आणि ऐकीव गोष्टी. लग्नाच्या आधी मैत्रिणीने सांगितलेले असते की पहिल्या रात्री रक्ताने चादर भरते. आत एक पडदा आहे आणि तो फाटणार आहे, असे चित्र डोक्यात पक्के बसलेले असते. योनिपटल हा पडदा नव्हे. ती योनिमुखाच्या कडेला असलेली मऊ, लवचीक त्वचेची कड आहे. तिच्या मधल्या वाटेतूनच मासिक पाळीचे रक्त बाहेर येते, आणि पहिल्या संभोगात रक्त न येणे अगदी सामान्य आहे. हा गैरसमज केवळ घराघरांतला नव्हता, वैद्यकीय पुस्तकांतही कौमार्याची लक्षणे म्हणून तो शिकवला जात होता. महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठाने 2019 साली हा भाग एमबीबीएसच्या न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमातून काढला. बलात्कारपीडितेवर केल्या जाणाऱ्या दोन बोटांच्या तपासणीला सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली अयोग्य ठरवले होते; 2022 साली ती करणाऱ्याला गैरवर्तनाबद्दल दोषी धरावे असे त्याच न्यायालयाला सांगावे लागले. योनीची सैलता किंवा घट्टपणा स्त्रीचे चारित्र्य सांगतो, हा समज ज्या समाजात इतका खोल आहे, तेथे मुलीने स्वतःच्या शरीराला कधी हातही लावलेला नसावा यात नवल नाही. योनिआकर्षाच्या रुग्णांत हे वारंवार आढळते: पाळीत फक्त पॅड, आंघोळीत वरवर पाणी, आणि आपल्या शरीरात तीन वेगळी द्वारे आहेत याचीही खात्री नाही.

सगळी वेदना भीतीतून येत नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवे. शारीरिक कारण शोधण्याआधीच "मनाचे आहे" असे म्हणणे हा निदानातला आळस आहे. वेदनेची जागा आणि वेळ कारणाकडे बोट दाखवतात. दुखणे प्रवेशाच्या क्षणी, अगदी दाराशी होत असेल, तर जंतुसंसर्ग, कोरडेपणा, प्रसूतीच्या टाक्यांचा व्रण, लायकेन स्क्लेरोसससारखा पांढरे चट्टे आणणारा त्वचारोग, किंवा योनिमुखाच्या त्वचेतील मज्जातंतूंची अतिसंवेदनशीलता यांचा विचार होतो. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांत इस्ट्रोजेन कमी झाल्याने त्वचा पातळ व कोरडी होते. आधी वर्षानुवर्षे काही त्रास नसताना नव्याने सुरू झालेल्या वेदनेचे हे नेहमीचे कारण आहे. दुखणे खोल, ओटीपोटात, विशिष्ट स्थितीत धक्का लागल्यावर होत असेल, तर एंडोमेट्रिओसिस, गर्भनलिकांची सूज, अंडाशयातील गाठ यांचा शोध घ्यावा लागतो. आपल्या देशात जननमार्गाचा क्षयही या यादीतून वगळता येत नाही. क्वचित योनीत जन्मजात आडवा किंवा उभा पडदा असतो. यातल्या कोणत्याही कारणाने सुरू झालेली वेदना मागाहून स्नायूंना आवळायला शिकवू शकते. मग संसर्ग बरा होतो, टाके भरतात, आणि आवळणे मागे राहते.

हे सगळे उलगडते ते हकिगतीतून, आणि हकिगत मिळते की नाही हे पहिल्या पाच मिनिटांत ठरते. स्त्रीसोबत बहुधा कोणीतरी असते: सासू, आई, नवरा. त्यांना बाहेर बसवणे ही पहिली पायरी आहे, आणि ती कोणालाही न दुखावता पार पाडता येते. "आमच्याकडे प्रत्येक पेशंटशी थोडा वेळ एकटीशी बोलायची पद्धत आहे" एवढे वाक्य पुरते. नवऱ्याशीही बोलायचे असते, पण नंतर, आणि तिच्या संमतीने. दार बंद झाल्यावर लगेच संबंधांचा विषय काढू नये. पाळी, लघवी, बद्धकोष्ठ, झोप यांवरून बोलणे सुरू व्हावे आणि मग परवानगी घेऊन पुढे जावे: "तुमच्या त्रासाचा संबंध नवराबायकोच्या जवळिकीशी असू शकतो. त्याबद्दल काही विचारलं तर चालेल का? नको वाटलं तर नका सांगू."

प्रश्नांची घडण उत्तर ठरवते. "संबंध नॉर्मल आहेत ना?" या प्रश्नाला "हो" हेच उत्तर येते, कारण प्रश्नानेच ते सुचवलेले असते. त्याऐवजी "जवळ येता तेव्हा काय होतं, ते तुमच्या शब्दांत सांगा" असे विचारले की वाक्ये येऊ लागतात. तिचा शब्द पकडावा आणि तोच वापरावा. ती "तिकडे" म्हणत असेल, तर लगेच "योनी" म्हणून तिला सुधारायला जाऊ नये. आकृती दाखवताना नाव ओघाने सांगता येते. आत काही गेले आहे का, हे थेट पण सहजपणे विचारावे: पूर्ण, थोडेसे, की अजिबात नाही? बोट, टॅम्पॉन, औषधाची गोळी, डॉक्टरांची तपासणी, यांपैकी काही जमले आहे का? दुखते ते स्पर्शाबरोबर, आत जाताना, की नंतर? आग, टोचणे की दाब? पहिल्यापासून, की मधूनच सुरू झाले? आणि सर्वांत उपयोगी प्रश्न: "त्या क्षणी काय होईल असं वाटतं?" उत्तर असते "फाटेल", "रक्त थांबणार नाही", "मी बेशुद्ध पडेन". उपचाराचा आराखडा या उत्तरावर उभा राहतो.

अत्याचाराविषयी विचारताना प्रश्न सर्वांना विचारला जातो असे सांगावे: "बऱ्याच जणींना लहानपणी किंवा नंतर नकोसा स्पर्श झालेला असतो. तुमच्या बाबतीत असं काही घडलं असेल आणि सांगावंसं वाटलं, तर आत्ता किंवा पुढे कधीही सांगू शकता." तिने नकार दिला तर तो स्वीकारून पुढे जायचे. सध्या घरात बळजबरी होते का, हा प्रश्न मात्र वगळता येत नाही. भारतीय फौजदारी कायद्यात प्रौढ पत्नीवर पतीने केलेली बळजबरी बलात्काराच्या व्याख्येबाहेर ठेवली आहे. पण 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळाचा स्पष्ट समावेश आहे. जिथे बळजबरी चालू आहे, तिथे स्त्रीचे आवळणे हा आजार नसून बचाव आहे, आणि तिला डायलेटरचा सराव शिकवणे म्हणजे बळजबरी करणाऱ्याला मदत करणे होय. तिथे आधी सुरक्षितता पाहावी लागते.

डॉक्टरचा चेहराही हकिगतीचा भाग असतो. "दोन वर्षं? आणि आत्ता आलात?" हे आश्चर्य आरोपासारखे ऐकू येते. "मग लग्न कशाला केलं?", "एवढं काय घाबरायचं, सगळ्या बायका करतात" ही वाक्ये ऐकून परत न आलेल्या स्त्रियांची मोजदाद कुठेच नाही. खाली मान घालून बसलेल्या स्त्रीला सर्वांत आधी दोन गोष्टी कळायला हव्यात: या त्रासाला नाव आहे आणि तो तिने मुद्दाम केलेला नाही. त्यानंतर ती रडते, हा अनुभव या कामात असलेल्या सर्वांचा आहे.

पहिल्याच भेटीत आतून तपासणी करण्याची गरज बहुधा नसते. जेव्हा करायची, तेव्हा नियम तिच्या हातात असावा: ती "थांबा" म्हणाली की हात थांबतो, आणि एकदा ते खरे करून दाखवले की पुढची तपासणी सोपी होते. हातात आरसा देऊन तिलाच तिची रचना दाखवता येते. कापूस लावलेल्या ओल्या काडीने आधी मांडी, मग बाहेरचे ओठ, मग योनिमुखाभोवतीची कड अलगद स्पर्शून पाहावी. कडेला ठरावीक ठिकाणी, विशेषतः खालच्या बाजूला, हलक्या स्पर्शानेही चटका बसल्यासारखी वेदना झाली तर त्वचेची अतिसंवेदनशीलता आहे. स्पर्श चालतो, पण हात जवळ येताच कंबर टेबलावरून उचलली जाते, मांड्या मिटतात, श्वास अडकतो, तर भीतीचा वाटा मोठा आहे. दोन्ही एकत्र असणे नेहमीचेच. आत जाणे झालेच तर जेली लावलेले एक बोट पुरते. स्पेक्युलमची गरज क्वचित. चार जणींनी पाय धरून केलेली तपासणी निदान देत नाही, फक्त आजार वाढवते.

नेहमी आढळणाऱ्या तपशिलांवरून बेतलेले एक उदाहरण घेतल्यास उपचाराची वाट स्पष्ट होईल. स्त्रीचे वय 27, नोकरी पतसंस्थेत, लग्नाला अडीच वर्षे. पहिल्या महिन्यात चारपाच प्रयत्न झाले. प्रत्येक वेळी भिंत लागली आणि ती ओरडली. नवरा समजूतदार, पण आता त्यालाही प्रयत्नाच्या वेळी ताठरता टिकत नाही. वर्षभरापूर्वी एका दवाखान्यात भूल देऊन "पडदा मोकळा" करण्यात आला. नंतरच्या प्रयत्नात तसेच झाले, उलट आता "ऑपरेशन करूनही होत नाही, म्हणजे माझ्यातच दोष" ही भर पडली. पाळी नियमित, अंगावरून जात नाही, कापसाच्या काडीने वेदना नाही, पण काडी जवळ येण्याआधीच कंबर उचलली जाते. बोट कधी आत घातलेले नाही. "त्या क्षणी काय वाटतं?" याचे उत्तर: "आत जागाच नाहीये, फाटून जाईल."

येथे शस्त्रक्रिया फसण्याचे कारण उघड आहे. भुलेखाली स्नायू सैल पडतात, शल्यविशारदाला योनी मोकळी दिसते आणि तो निघून जातो. जागी झाल्यावर स्नायू तेच, भीती तीच, वर एक ताजा व्रण. जन्मजात पडदा सिद्ध झालेला नसेल तर कापण्यासारखे तेथे काही नसते.

उपचाराची पहिली सूचना म्हणजे प्रवेशाचे सगळे प्रयत्न बंद, आणि ही सूचना नवऱ्यासमोर दिली जाते. मिठी, स्पर्श, बाहेरून सुख, सगळे चालेल. आत जाण्याचा प्रयत्न नाही. दोघांवरचे ओझे त्याच दिवशी हलके होते. नवऱ्याची ताठरताही पुष्कळदा यानंतर सुधारते, कारण तीही परीक्षेच्या धास्तीने गेलेली असते. मग आकृती आणि आरसा. योनी ही रिकामी नळी नसून एकमेकींना टेकलेल्या, ताणल्या जाणाऱ्या भिंती आहेत, त्याच वाटेने बाळ बाहेर येते, हे तिला पाहून पटावे लागते. "जागाच नाही" या वाक्याला दिलेले ते उत्तर असते.

दुसरी पायरी स्नायू ओळखण्याची. लघवी रोखताना आवळतो तो स्नायू पाच सेकंद आवळायचा आणि दहा सेकंद सोडायचा. सोडणे हाच खरा धडा आहे. श्वास पोटात घेताना ओटीपोटाचा तळ किंचित खाली उतरतो, लघवी सुरू होताना वाटते तसा. ते उतरणे जाणवू लागेपर्यंत पुढे जायचे नाही. केवळ आवळण्याचे व्यायाम लिहून देणे ही सर्रास होणारी चूक आहे; आधीच आवळलेल्या स्नायूला त्याने आणखी बळ मिळते. या कामाची जाण असलेला फिजिओथेरपिस्ट असेल तर ही पायरी लवकर पार पडते.

तिसऱ्या पायरीला बोट येते, आणि ते तिचे स्वतःचे. नखे कापलेली, भरपूर जेली, दार बंद, घाई नाही. आधी नुसते योनिमुखावर टेकवून ठेवायचे. मग श्वास सोडताना करंगळीचे पहिले पेर आत, आणि तेथेच थांबायचे. आवळले तर बाहेर काढायचे नाही, पुढेही ढकलायचे नाही. श्वास चालू ठेवून सैल पडण्याची वाट पाहायची. आवळणे बहुधा मिनिटभरात ओसरते, आणि ते ओसरताना स्वतः अनुभवणे यातच उपचाराचे मर्म आहे. बोट घाबरून झटक्यात काढले तर शरीर शिकते की धोका होता आणि पळाल्यामुळे वाचलो. उदाहरणातल्या स्त्रीला करंगळीपर्यंत पोहोचायला तीन आठवडे लागले असे धरावे. तेवढा काळ असाधारण नाही.

त्यानंतर डायलेटर, गुळगुळीत दंडगोल, करंगळीच्या जाडीपासून ताठर लिंगाच्या जाडीपर्यंत चारपाच आकारांचे. दिवसातून दहापंधरा मिनिटे, आठवड्यातून चारपाच दिवस. एक आकार सहज जाऊ लागला आणि काही मिनिटे निवांत राहिला की पुढचा. वेदना दहापैकी तीनच्या वर गेली तर मागच्या आकारावर परत यायचे. संच महाग वाटला किंवा घरात ठेवणे अवघड असेल तर एक बोट, मग दोन बोटे हा क्रमही चालतो. कित्येक संयुक्त कुटुंबांत खोलीच स्वतःची नसते. सराव कधी आणि कुठे करणार, हे पहिल्या भेटीतच विचारले नाही तर तो होतच नाही. जेली पाण्यात विरघळणारी घ्यावी. कंडोम वापरत असतील तर खोबरेल तेल टाळावे, तेलाने लॅटेक्स फाटते.

पुढे तेच काम नवऱ्याच्या बोटाने, पण त्याचे मनगट तिच्या हातात. मग लिंगाचा नुसता बाहेरून स्पर्श, आणि शेवटी प्रवेश, ती वर, तो स्थिर, वेग आणि खोली तिच्या ताब्यात. पहिल्या वेळी हालचाल न करता नुसते थांबणे पुरेसे. बहुतेक जोडपी येथवर काही महिन्यांत पोहोचतात. नेदरलँड्समध्ये 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कधीच संभोग न झालेल्या 70 स्त्रियांपैकी निम्म्यांना थेरपिस्टच्या उपस्थितीत अशाच पद्धतीने, स्वतःच्या हाताने सराव दिला गेला. त्या 35 पैकी 31 जणींना संभोग शक्य झाला. प्रतीक्षेत ठेवलेल्या 35 जणींपैकी तो चौघींनाच जमला.

वाट मध्येच अडते तेव्हा कारण शोधावे. तिसरा आकार महिनाभर जात नसेल तर बहुधा सराव नियमित नाही, किंवा श्वास रोखला जातो आहे, किंवा त्वचेची वेदना निदानातून निसटली आहे. त्वचा दुखरी असेल तर सरावाआधी लिडोकेनचे मलम, कोरडेपणा असेल तर योनीत लावायचे इस्ट्रोजेन, संसर्ग असेल तर त्याचे औषध, हे समांतर चालते. बोटुलिनमची इंजेक्शने प्रगती न होणाऱ्या मोजक्या रुग्णांसाठी आहेत. त्यांचा पुरावा अजून मर्यादित आहे, आणि सरावाशिवाय ती एकटी पुरत नाहीत. डायलेटर सहज जातात पण संभोग टळतो, असे झाले तर प्रश्न स्नायूंचा उरलेला नसतो. नात्यातला राग, इच्छेचा अभाव किंवा नवऱ्याची अडचण यांकडे वळावे लागते. काहींना पुढे जायचेच नसते, आणि तो निर्णय त्यांचा असतो.

मुलाची घाई हा आपल्याकडचा सर्वांत मोठा दबाव. उपचार चालू असताना गर्भधारणा हवी असेल तर संभोगाशिवायही ती शक्य आहे. योग्य दिवशी स्वच्छ भांड्यात घेतलेले वीर्य सुई नसलेल्या सिरिंजने योनिमुखाशी सोडता येते, आणि करंगळीची पायरी झालेल्या स्त्रीला ते स्वतः करता येते. दोघांच्या तपासण्या ठीक असतील तर हा साधा उपाय महागड्या उपचारांच्या आधी सांगायला हवा. घाईमुळे सराव सोडून थेट टेस्ट ट्यूब बेबीकडे गेलेल्या स्त्रीलाही योनीतून सोनोग्राफी, योनीतून बीज काढणे आणि शेवटी प्रसूतीच्या वेळची तपासणी यांना सामोरे जावे लागतेच. न सुटलेली भीती तेथे पुन्हा भेटते.

दुसरा दबाव कायद्याचा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 नुसार नपुंसकतेमुळे शरीरसंबंध झाले नसतील तर विवाह रद्द ठरवण्याची मागणी करता येते, आणि प्रवेशाविषयीची अनावर भीतीही न्यायालयात त्या शब्दाखाली मांडली जाते. म्हणून कित्येक स्त्रिया बोलायला घाबरतात आणि कित्येक जोडपी सल्ल्यासाठी डॉक्टरच्या आधी वकिलाकडे पोहोचतात. असे जोडपे समोर आले तर वकिलाने, नातेवाइकाने किंवा मध्यस्थाने कागद करण्याआधी एवढेच विचारावे की यावर पायरीपायरीचा उपचार एकदा तरी नीट झाला आहे का.